नववीच्या जुन्या नोंदवहीतले न वाचता येणारे गुण: अंदाजाने भरायचे की तसेच सोडायचे?

खडूफळा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी या सुट्टीत मला जुन्या निकालाच्या नोंदवह्या संगणकावर उतरवायला दिल्या आहेत. पहिली वही हातात आली ती २०१४-१५ ची नववी ब. साठ मुलं, सहा विषय, प्रत्येक विषय १०० पैकी. म्हणजे गुणांच्या ३६० नोंदी, शिवाय एकूण, टक्के आणि वर्गातला क्रमांक. मध्यंतरी कपाटावर पाणी गळलं होतं, त्यामुळे दोन पानांवर शाई पसरली आहे. शाई पसरली नाही तिथेही काही आकडे लागत नाहीत.

सगळं टाइप करून झालं तेव्हा १४ नोंदी अशा उरल्या, की मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही काय लिहिलंय. कार्यालयातले एक ज्येष्ठ म्हणाले, "जवळपासचा आकडा टाका आणि मोकळ्या व्हा. दहा वर्षांनी कोण बघायला येणार आहे?" मला ते पटलं नाही. पण १४ चौकोन रिकामे ठेवले तर शीट अर्धवट दिसते, आणि उद्या दुसऱ्या कुणाला वाटेल की मी टाइप करायला विसरले.

उदाहरण देते. हजेरी क्रमांक २३ ची मुलगी. मराठी ६४, हिंदी ५८, गणित ३९, विज्ञान ५२, सामाजिक शास्त्रे ६१. इंग्रजीत ४ स्पष्ट आहे, त्यापुढचा आकडा १ की ९ ते कळत नाही. ही नोंद कशी करायची? तुमच्याकडे कसं करतात?

माणदेशी

जवळपासचा आकडा टाका म्हणणाऱ्यांना विचारा, पगारपत्रकात त्यांचा आकडा पुसट झाला तर जवळपासचा टाकू का.

गणितवेडा

ताई, यात अडकण्यासारखं काही नाही. एकूण बेरीज लिहिलेली असेलच. बाकी पाच विषयांची बेरीज करा, एकूणातून वजा करा, उरेल ते इंग्रजीचे गुण. ६४ + ५८ + ३९ + ५२ + ६१ = २७४. एकूण ३१५ असेल तर ४१, ३२३ असेल तर ४९. दोन मिनिटांत १४ नोंदी सुटतील.

खडूफळा

@गणितवेडा, मीही आधी तेच केलं. एकूणच्या रकान्यात ३२३ आहे, पण त्यावर खाडाखोड आहे. आधी काहीतरी वेगळं होतं, त्यावरच गिरवलंय. आणि टक्क्यांच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ५२.५० लिहिलंय. ६०० पैकी ५२.५० टक्के म्हणजे ३१५. म्हणजे बेरीज ४९ म्हणते आणि टक्के ४१ म्हणतात.

गणितवेडा

मग टक्के चुकले असतील. बेरीज मूळ असते, टक्के तिच्यावरून काढतात.

निवृत्तलिपिक

गणितवेडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. टक्के बेरजेवरून काढतात हे खरं, पण कुठल्या बेरजेवरून? खाडाखोड होण्याआधीच्या की नंतरच्या? ३१५ वरून टक्के काढून झाले आणि मग कुणी ३१५ चं ३२३ केलं, तर टक्के जुनेच राहतात. तेव्हा नुसत्या वजाबाकीवर निकाल लावू नका.

मी एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात काढली. निकालाची वही कशी तयार होते ते आधी सांगतो, मग बाकीचं सोपं जाईल. विषयशिक्षक आपापल्या गुणांची यादी सुट्या कागदावर वर्गशिक्षकाला देतात. वर्गशिक्षक ती वहीत उतरवतो, आडवी बेरीज करतो, टक्के काढतो, क्रमांक लावतो. बहुतेक वेळा हे एका दिवसात होत नाही आणि एका पेनाने होत नाही. म्हणजे तुमच्या हातातली वही हीच एक नक्कल आहे. मूळ ती यादी, आणि त्याआधी उत्तरपत्रिका. उत्तरपत्रिका आता मिळणार नाहीत. पण विषयशिक्षकांच्या याद्या कधीकधी वहीच्या शेवटी टाचलेल्या सापडतात किंवा त्याच वर्षाच्या फायलीत असतात. आधी तिथे बघा.

बेरजेवरून काढलेला आकडा आणि डोळ्यांनी वाचलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी. बेरजेवरून आलेला टाकायचा असेल तर जरूर टाका, पण शेजारच्या रकान्यात "बेरजेवरून" असं लिहा. वर्गशिक्षकही माणूसच. मार्च-एप्रिलच्या उन्हात साठ मुलांच्या आडव्या बेरजा करताना हातचा विसरला जातो. तुम्ही वजाबाकी करता तेव्हा त्याची ती चूक उचलून त्या पोरीच्या इंग्रजीत टाकता.

आईची_शाळा

माझ्या मुलीला यंदा विज्ञानात अपेक्षेपेक्षा फार कमी गुण पडले आहेत. शाळा पेपर दाखवत नाही. फेरतपासणीसाठी अर्ज कुठे करायचा, कुणी सांगेल का?

सुलभामावशी

@आईची_शाळा, इथे जुन्या नोंदवहीचं चाललंय हो. तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याचा स्वतंत्र धागा काढा, मीच उत्तर देते. तोवर मुख्याध्यापकांना साध्या कागदावर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

खडूफळा, आता तुझ्यासाठी. दहा वर्षांनी कोण बघणार, असं म्हणणाऱ्यांना २०२१ साल आठवायला सांग. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला तो नववीच्या अंतिम निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० असा. आणि त्या मुलांची नववी म्हणजे २०१९-२०, तिचीही दुसऱ्या सत्राची परीक्षा कोरोनाने गेलेली. नववीच्या वहीकडे कुणी एरवी वळूनही बघत नाही, पण त्या जून महिन्यात तीच वही दहावीची निम्मी झाली.

मी तेव्हा निकाल समितीवर होते. एका मुलाचे गणिताचे गुण ३५ वाचायचे की ६५, यावर आम्ही तिघीजणी तासभर भिंग घेऊन बसलो होतो. तीन आणि सहा, उलटसुलट आकडे. शेवटी मुलाच्या आईने प्रगतिपुस्तक आणून दाखवलं. आम्ही आपसात ३५ ठरवून टाकलं होतं. निघाले ६५. तीस गुणांचा फरक! तेव्हापासून मी "आपण ठरवू या" म्हणणं सोडलं.

कोडकिडा

तांत्रिक बाजू मी सांगतो. न वाचता येणाऱ्या चौकोनात प्रश्नचिन्ह टाकलंत तर एक धोका आहे. SUM हे सूत्र चौकोनातला मजकूर गुपचूप वगळतं. २३ व्या मुलीच्या इंग्रजीत प्रश्नचिन्ह असेल तर एकूणात २७४ येईल, कुठे लाल होणार नाही, काही बोंब मारणार नाही. बघणाऱ्याला वाटेल तिला २७४ च मिळाले. तेव्हा बेरीजच अडवून धरा:

```
=IF(COUNT(D5:I5)=6,SUM(D5:I5),"अपूर्ण")
```

सहाच्या सहा चौकोनांत आकडे असतील तरच बेरीज येईल, नाहीतर "अपूर्ण" दिसेल.

खडूफळा

हे फारच उपयोगी पडलं. पण गैरहजर मुलांचं काय? त्यांच्या चौकोनात मी "गै" लिहिलंय. तिथेही "अपूर्ण" येतंय.

कोडकिडा

बरोबर, ते माझ्या लक्षात आलं नाही. मग असं करा:

```
=IF(COUNT(D5:I5)+COUNTIF(D5:I5,"गै")=6,SUM(D5:I5),"अपूर्ण")
```

आता गैरहजर चालेल, पण रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह असेल तर अडेल.

निवृत्तलिपिक

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. शून्य, गैरहजर, रिकामं आणि न वाचता आलेलं, हे चार वेगवेगळे प्रकार आहेत. शून्य म्हणजे पोरगा बसला होता आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे बसलाच नाही. रिकामं म्हणजे वहीतच नोंद नाही. आणि चौथं म्हणजे नोंद आहे, पण तुम्हाला लागली नाही. चारही ठिकाणी रिकामा चौकोन ठेवलात तर मागून येणाऱ्याला काही उलगडणार नाही. वहीतच जिथे नोंद नाही तिथे मी "नोंद नाही" असे दोन शब्द लिहायचो.

फाटकापतंग

प्रश्नचिन्ह वापरणाऱ्यांनो, माझी गोष्ट ऐका. मी बाराशे ओळींच्या एक्सेल शीटमध्ये शंकेच्या जागी ? टाकलं होतं. शेवटी म्हटलं, शोधून एका फटक्यात सगळीकडे "तपासा" करू. शोधायच्या खान्यात ? टाकलं, बदलायच्या खान्यात "तपासा", आणि सगळं बदला म्हटलं. एक्सेलमध्ये शोधताना ? म्हणजे "कुठलंही एक अक्षर" असा अर्थ होतो, हे मला त्या दिवशी कळलं. शीटभर तपासा तपासा तपासा. लगेच मागे घेता आलं म्हणून वाचलो. खरं प्रश्नचिन्ह शोधायचं असेल तर ~? असं टाकावं लागतं.

माणदेशी

बाराशे ओळी तपासा! आमच्या तालुक्याच्या साहेबांचा शेराही असाच असतो, एका शब्दात सगळी फाईल.

कोडकिडा

@फाटकापतंग, म्हणूनच चिन्हापेक्षा शब्द बरा. "अवाच्य" लिहा.

शाईदौत

"अवाच्य" नको हो. मराठीत "अवाच्य बोलला" म्हणजे तोंडून काढू नये असं बोलला. गुणपत्रकात एखाद्या मुलीपुढे ते कसं दिसेल! "अस्पष्ट" लिहा, सरळ आहे.

आणि मी मोडी वाचते म्हणून एक सांगते. मोडी कागदाचं लिप्यंतर करताना जागा फाटलेली असेल किंवा शब्द लागत नसेल, तर तिथे टिंबं देतो. आणि शब्द संदर्भावरून लावला असेल तर तो कंसात घालतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा कागदावरचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. तुमच्या वहीतही तेच करायचं. जेवढं दिसतं तेवढं लिहा. "४" दिसतोय ना? मग सगळंच अस्पष्ट का म्हणायचं? शेऱ्यात लिहा: "दशक ४ स्पष्ट, एकक १ किंवा ९". चाळीस ते एकोणपन्नास या घरात गुण आहेत एवढं तरी पुढच्याला पक्कं कळतं. नुसतं "अस्पष्ट" लिहिलंत तर हातात असलेली माहितीही तुम्ही फेकून दिलीत.

खडूफळा

@शाईदौत, हे मनापासून पटलं. आता शेऱ्याचा वेगळा रकाना केला. मी आधी शंकेचे चौकोन नुसते पिवळे रंगवले होते.

निवृत्तलिपिक

रंग ठेवा, पण रंगावर विसंबू नका. छापील प्रत काळीपांढरी निघाली की पिवळा जातो. शीट दुसरीकडे चिकटवली की कधी जातो, कधी राहतो. शब्द कुठे जात नाही.

आता आकडे ओळखायचं. तुम्ही म्हणता १ की ९. त्याच वर्गशिक्षकाच्या हातचे १ आणि ९ तुमच्याकडे भरपूर आहेत. हजेरी क्रमांकाचा रकाना बघा! १ ते ६० क्रमांक लिहिलेत ना? तिथे प्रत्येक आकड्याची किंमत तुम्हाला आधीच माहीत आहे. ९, १९, २९, ३९, ४९, ५९ मधला नऊ कसा काढलाय बघा. १, ११, २१, ३१ मधला एक कसा काढलाय बघा. एका कागदावर हे आकडे मोठे करून चिकटवा, दहाच्या दहा. मी याला "त्या गुरुजींची बाराखडी" म्हणायचो. मग शंकेचा आकडा शेजारी ठेवून बघा.

खडूफळा

काका, आत्ता केलं! फोटो मोठा करून बघितला. हे गुरुजी नऊ काढताना आधी डावीकडे लहानसा हूक वळवतात आणि मगच शेपूट खाली आणतात. एकाचा वाटोळा भाग मात्र पूर्ण बंद करतात आणि शेपूट सरळ सोडतात. एकदा दिसल्यावर पुन्हा पुन्हा तेच दिसतंय. १४ पैकी सहा नोंदी यावरच सुटल्या. शेऱ्यात मी "हजेरी क्रमांकाच्या रकान्याशी ताडून" असं लिहिलं.

पण २३ वी सुटली नाही. तिथे शाई पसरली आहे, आकड्याचं डोकंच दिसत नाही, नुसती शेपूट दिसते.

निवृत्तलिपिक

शाब्बास. पण एक तपासा. क्रमांक आणि गुण एकाच हातचे आहेत का? बऱ्याच शाळांत क्रमांक आणि नावं वर्षाच्या सुरुवातीला एकजण लिहितो आणि गुण दुसराच भरतो. पेन वेगळं असेल तर हात वेगळा असू शकतो.

खडूफळा

क्रमांक आणि गुण एकाच हातचे वाटतात, "५" काढायची पद्धत दोन्हीकडे सारखी आहे. पण सामाजिक शास्त्रांचा रकाना वेगळ्या अक्षरात आहे. तिथे सुटलेली एक नोंद मी परत शंकेत टाकली. म्हणजे पाच सुटल्या, नऊ उरल्या.

म्हापसेकर

आमच्या गोव्यातल्या शाळेत वह्या इंग्रजी आकड्यांत असायच्या, तिथे भानगड १ आणि ७ ची. जुने मास्तर सातच्या पोटात आडवी रेघ मारायचे, नवे मारत नसत. एका वहीत दोन्ही तऱ्हा. रेघ नाही म्हणजे एक, असं धरून चाललो आणि नव्या मास्तरांचे सगळे सात मी एक करून ठेवले होते. सहकाऱ्याने पकडलं म्हणून बरं.

निवृत्तलिपिक

म्हापसेकर, आमच्याकडे याहून वाईट. एकाच वहीत मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात. वर्गशिक्षकाची मध्येच बदली झाली, पहिला मराठीत लिहायचा, दुसरा इंग्रजीत. आता घाईने काढलेला मराठी ४ आणि वरून उघडा राहिलेला इंग्रजी 8 शेजारी ठेवून बघा. मराठी १ आणि इंग्रजी 9 बघा. मी स्वतः एका मुलाचे ४१ हे ८९ म्हणून वाचले होते. चूक थोडीथोडकी नव्हती, अठ्ठेचाळीस गुणांची. त्या पानावर अर्ध्यातून हात बदलला होता हे मला वेळेत दिसलं नाही. तेव्हा प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर आधी टिपून ठेवा, आकडे कुठल्या लिपीत आहेत. एका रकान्यात २, ३ आणि ० सोडून एखादा असा आकडा शोधा जो दोन्ही लिप्यांत अजिबात सारखा दिसत नाही. ५ किंवा ६ चालतो. तो सापडला की रकान्याची लिपी कळते.

गणितवेडा

हे मला माहीत नव्हतं. मी आजवर आकडा म्हणजे आकडा असंच धरत होतो. पण एक विचारतो, ४१ आणि ८९ मध्ये तरी बेरजेचाच आधार घ्याल ना?

निवृत्तलिपिक

घेईनच. तिथे फरक ४८ चा आहे. बेरीज, टक्के आणि क्रमांक तिन्ही एकीकडे बोट दाखवत असतील तर मी आकडा टाकीन आणि शेऱ्यात तिन्हींचा आधार लिहीन. आधाराला माझी हरकत नाही. आधार न लिहिता आकडा टाकला तर हरकत आहे.

सुलभामावशी

अजून एक सांगायचं राहिलं. नापास विषयाखाली आम्ही लाल रेघ मारायचो. ३५ च्या खाली असेल तरच लाल. म्हणजे ३१ की ३९ अशी शंका असेल आणि खाली लाल रेघ असेल, तर ३९ नक्की नाही. पण ही रेघ काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर दिसत नाही. मूळ वही बघ किंवा रंगीत फोटो काढ.

आणि "३२+३" असं कुठे दिसलं तर ते ३५ करून टाकू नकोस. ते सवलतीचे गुण असतात. ३२ हे मिळालेले आणि ३ दिलेले, दोन्ही तसेच उतरव.

खडूफळा

मावशी, मी झेरॉक्सवरूनच टाइप करत होते! मूळ वही कपाटात होती, सारखी काढली तर पानं सुटतात म्हणून. उद्या मूळ वही उघडते.

कासव

टाइप करताना एकजण वाचतो आणि एकजण टाइप करतो असं करताय का? आम्ही तसं केलं आणि घोटाळा झाला. मी "त्रेपन्न" म्हणायचो, समोरचा त्रेसष्ट टाइप करायचा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणपन्नास यांत तर विचारूच नका. दुपारच्या झोपेत "एकोण" ऐकलं की बोट कुठेही जातं. मग आम्ही "पाच तीन", "पाच नऊ" असं एकेक अंक वाचायला लागलो, चुका एकदम कमी झाल्या.

अनामिक_वाचक

म्हणजे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" आणलं ते बरोबरच होतं की. तेव्हा सगळे तुटून पडले होते.

शाईदौत

अजिबात नाही. एकेक अंक वाचणं ही टाइप करतानाची सोय आहे. त्यासाठी मुलांच्या तोंडून "त्रेपन्न" का काढून घ्यायचा? माझ्या आजीचे पावकी-निमकी पाठ होते, ते "पन्नास तीन" वर चालले नसते.

अनामिक_वाचक

आजींचे पाठ होते हे मान्य. पण माझ्या मुलाला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत आजही गोंधळ होतो, आणि तो इंजिनियर आहे.

माणदेशी

धागा गुणांच्या वहीचा आहे, पाढ्यांचा नाही. ताई, मूळ वही उघडली का?

खडूफळा

उघडली. दोन दिवस तेच करत होते, म्हणून इथे आले नाही.

मूळ वहीत दोन ठिकाणी लाल रेघा निघाल्या, झेरॉक्सवर त्यांचा मागमूसही नव्हता. त्यामुळे दोन नोंदी सुटल्या, दोन्हीकडे ३१ की ३७ अशी शंका होती आणि रेघ लाल होती. एक नोंद मागच्या बाजूने सुटली. बॉलपेनने जोरात लिहिलेलं होतं, पान उलटं करून खिडकीशी तिरकं धरलं तर उठलेला आकडा बोटालाही लागत होता. नऊतल्या तीन गेल्या, सहा उरल्या.

आता २३ वी. तिथे पेन शाईचं आहे, त्यामुळे मागे काही उठलेलं नाही. पण मी क्रमांकाचा रकाना बघितला. वर्गात तिचा क्रमांक २१ लिहिलाय. २० व्या क्रमांकाच्या मुलाचे एकूण ३१९ आहेत, २२ व्याचे ३११. म्हणजे क्रमांक लावताना तिची बेरीज ३१५ च होती. ३२३ असती तर ती ३१९ वाल्याच्या वर गेली असती.

गणितवेडा

मग झालं की! टक्के ३१५ म्हणतात, क्रमांक ३१५ म्हणतो. दोन विरुद्ध एक. इंग्रजीत ४१.

निवृत्तलिपिक

थांबा. टक्के आणि क्रमांक हे दोन साक्षीदार नव्हेत, एकच आहे. दोघेही ३१५ वरूनच निघालेत. प्रश्न एवढाच उरतो, की ३१५ चं ३२३ कुणी आणि का केलं? निकालानंतर त्या मुलीने पेपर बघितला असेल, एखाद्या उत्तराचे ८ गुण द्यायचे राहिले असतील, शिक्षकांनी ४१ चे ४९ केले असतील, एकूण सुधारलं आणि टक्के-क्रमांक तसेच राहिले. असं होतं. किंवा कुणी नुसतीच बेरीज परत केली, इंग्रजीतला १ त्याला ९ दिसला आणि त्याने "चूक" सुधारली. असंही होतं. खाडाखोडीपाशी सही आहे का?

खडूफळा

सही नाही. शेऱ्याच्या रकान्यातही काही नाही. इंग्रजीच्या चौकोनात दुसरी शाई आहे का तेही बघितलं, पण पाण्याने सगळंच निळं झालंय.

निवृत्तलिपिक

सही असती तर ४९ धरायला हरकत नव्हती. नाही, तर दोन्ही शक्यता उभ्या. वर्गशिक्षक कुठे आहेत?

खडूफळा

निवृत्त झालेत, गावातच राहतात. काल मुख्याध्यापकांबरोबर भेटून आले. वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "अक्षर माझं आहे. खाडाखोड माझी आहे का, नाही सांगता येत." मी त्यांना आधी काही सुचवलं नव्हतं, ४१ की ४९ असं विचारलंच नाही. नुसतं "हे वाचून सांगाल का" म्हटलं. ते म्हणाले, "चाळीस आणि काहीतरी."

सुलभामावशी

आधी सुचवलं नाहीस हे फार चांगलं केलंस. "४९ आहे ना सर?" म्हटलं असतंस तर त्यांनी हो म्हटलं असतं.

फाटकापतंग

प्रगतिपुस्तक? सुलभामावशींनी सांगितलं तसं?

खडूफळा

शाळेच्या नोंदीतल्या पत्त्यावरून मुख्याध्यापकांनी मुलीच्या घरी निरोप धाडला. ती लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली आहे. आई म्हणाल्या, प्रगतिपुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, दिवाळीला लेक आली की दोघी मिळून काढू. आणि मुलीचं नाव, पत्ता इथे कुठे येऊ नये म्हणून फोटो टाकत नाही, समजून घ्या.

तोवर शीटमध्ये २३ व्या ओळीत इंग्रजीच्या चौकोनात "अस्पष्ट" आहे आणि एकूणात "अपूर्ण". शेऱ्यात असं लिहिलंय: "इंग्रजी: दशक ४ स्पष्ट, एकक १ किंवा ९. वहीत एकूण ३२३, खाडाखोड, सही नाही. टक्के ५२.५०, क्रमांक २१, हे दोन्ही ३१५ शी जुळतात. वर्गशिक्षकांना दाखवले, निश्चित सांगता आले नाही. प्रगतिपुस्तक मिळाल्यास तपासणे." पुढे तारीख आणि माझं नाव.

कोडकिडा

पानाचा क्रमांकही टाका. वही जाड असेल तर पुढच्याला शोधायला वेळ लागतो.

खडूफळा

टाकला. पान १७, ओळ ६. बाकीच्या पाच नोंदींचंही असंच लिहून झालं. मुख्याध्यापकांनी छापील प्रतीच्या शेवटी त्या सहा नोंदींची वेगळी यादी जोडायला सांगितली आहे आणि त्याखाली ते सही करणार आहेत. कार्यालयातल्या त्या ज्येष्ठांनी यादी वाचली. काही बोलले नाहीत, पण आज सकाळी आपण होऊन नववी अ ची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "हिच्यात आधी हजेरी क्रमांकाच्या रकान्याचे फोटो काढा."